उभ्या स्क्रीनवरच्या एकोणऐंशी ओळी

मागे एका रिव्ह्यूवर मी "ठीक वाटतंय" असं लिहून हिरवी खूण केली आणि दोनच दिवसांनी तो कोड चालता चालता अडकून बसला. एरर नाही, क्रॅश नाही, नुसता गप्प. लॉग बघत सगळे बसलो होतो, मी तर तीच फाइल वर-खाली वर-खाली करत होते, तेवढ्यात टीममधला नवा मुलगा हातात दोन कागद घेऊन आला. टेपने एकाखाली एक चिकटवलेले. नवीन असल्यामुळे त्याला कोड समजून घ्यायचा होता म्हणून त्याने तो फंक्शनचा भाग छापून घेतला होता. नवव्या ओळीपासून एकेचाळिसाव्या ओळीपर्यंत पेनाने एक लांब रेघ मारलेली. "मॅम, इथे किल्ली घेतली, आणि इथे यादी रिकामी असेल तर मधूनच बाहेर पडलो. पण मग किल्ली परत कुठे दिली?"

किल्ली परत दिली जात होती ती चौऱ्याहत्तराव्या ओळीवर. म्हणजे नेहमीच्या वाटेने गेलं तर सगळं बरोबर, आणि मधल्या दाराने गेलं तर लॉक तसंच. थोडक्यात असं:

```java
lock.lock();                    // 9
if (items.isEmpty()) return;    // 41
lock.unlock();                  // 74
```

आता हे तीन ओळींत लिहिलंय म्हणून कुणालाही दिसेल, आणि `try` `finally` का नाही वापरलं असंही कुणी विचारेल. जुना कोड होता, मधला `return` नवीन घातलेला, तोच तर रिव्ह्यूला आला होता. मला खटकत राहिलं ते हे, की मी ती ओळ वाचली होती. नीट वाचली होती. फक्त ती वाचताना नववी ओळ माझ्या डोळ्यांसमोर नव्हती.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी चक्क मोजलं. माझा स्क्रीन आडवा, १९२० बाय १०८०. एडिटरमध्ये एका ओळीला साधारण १९ पिक्सेल उंची लागते. वरची पट्टी, टॅब, खालची पट्टी, टास्कबार हे सगळं मिळून दीडशेच्या वर पिक्सेल खातात, उरतात त्यात कोडच्या ४८ ओळी बसतात. पण माझ्याकडे खाली टर्मिनल कायम उघडं असतं, ते बंद करायची सवयच नाही, त्यामुळे खऱ्या ३०. नऊ आणि एकेचाळीस यांच्यात ३२ ओळींचं अंतर. म्हणजे त्या दोन ओळी माझ्या स्क्रीनवर एका वेळी कधीच आल्या नव्हत्या, आणि त्याच्या कागदावर त्या एकाच हाताच्या अंतरावर होत्या.

हे म्हणजे स्वतःच्या चुकीचं खापर फर्निचरवर फोडणं झालं, माहितीये मला. तरी डोक्यातून जाईना.

मग आठवलं, की मी नोकरीला लागले तेव्हाचे ते जवळजवळ चौकोनी मॉनिटर १२८० बाय १०२४ चे असायचे. ते गेले आणि सगळं "वाइड" झालं, आम्ही खूश, आणि हातात आलेल्या लॅपटॉपचा स्क्रीन होता १३६६ बाय ७६८. रुंदी वाढली म्हणून आनंद करत बसलो आणि उंचीतले अडीचशे पिक्सेल कधी गेले कळलंसुद्धा नाही. सिनेमाला ते बरं, कोडच्या उजव्या बाजूला मात्र नुसतं मोकळं मैदान. आणि गंमत म्हणजे १९७३ सालच्या झेरॉक्स अल्टोचा स्क्रीन उभाच होता, ६०६ बाय ८०८, कागदाच्या पानासारखा. त्यांना पान वाचायचं होतं म्हणून त्यांनी पानाच्या आकाराचा स्क्रीन केला, इतका साधा विचार.

तर कपाटामागे एक जुना २४ इंची मॉनिटर पडून होता, त्याचा स्टँड गोल वळणारा होता. वळवताना पहिल्यांदा कोपरा टेबलावर आपटला, कारण आधी पूर्ण वर ओढून थोडा मागे कलवावा लागतो आणि मगच फिरवायचा, हे आपटल्यावर लक्षात आलं. सेटिंगमध्ये जाऊन उभं केलं, फाइल उघडली आणि काय सांगू, ९२ ओळी! ते अख्खं एकोणऐंशी ओळींचं फंक्शन वरपासून खालपर्यंत एका दमात. मी खुर्ची मागे सरकवून नुसती बघत राहिले.

अर्ध्या तासात डोकं दुखायला लागलं.

आधी वाटलं सवय नाही म्हणून असेल. मग लक्षात आलं की पांढरा भाग पांढरा दिसत नाहीये, कसा तरी चमचमतोय, जणू कागद हलतोय. सहज एक डोळा मिटला तर स्क्रीन पिवळट, दुसरा मिटला तर निळसर. दोन डोळे दोन वेगळे रंग बघत होते आणि मेंदू बिचारा दोन्ही जुळवत बसला होता. तो मॉनिटर निघाला टीएन पॅनेलचा. या पॅनेलमध्ये डावी-उजवीकडून बघितलं तर चालतं पण वर-खालून बघितलं की रंग फिरतात, कारण आडवा ठेवल्यावर माणूस एकाच उंचीवरून बघणार हे गृहीत धरलेलं असतं. उभा केला की तीच कमजोर बाजू डावी-उजवी होते. साठ सेंटिमीटरवर बसलं तर दोन डोळ्यांच्या नजरेत सहाएक अंशांचा फरक पडतो, आणि टीएनला तेवढा पुरतो. ओळखायची युक्ती सोपी आहे, मॉनिटर आडवा असतानाच खाली वाकून खालून वर बघायचं, चित्र काळवंडलं किंवा उलटसुलट रंगांचं झालं तर त्याला उभं करायच्या भानगडीत पडू नये. व्हीए पॅनेलमध्ये पण कडेला थोडं फिकट होतं. शेवटी आयपीएस पॅनेल घेतलं, तेवढ्याच आकाराचं, आणि दोन डोळ्यांचं भांडण मिटलं.

पण मग अक्षरं. हे मला सगळ्यात जास्त छळलं, कारण दिसतंय तर खरं पण नक्की काय चुकतंय ते सांगता येत नाही असा प्रकार. आडव्या मॉनिटरवर टवटवीत दिसणारा तोच फॉन्ट उभ्यावर किंचित मळकट. चष्मा पुसला, ब्राइटनेस वर-खाली केला, फॉन्ट बदलून बघितला. मग फोनचा कॅमेरा स्क्रीनला अगदी चिकटवून इंग्रजी `l` या अक्षराचा फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. सरळ उभी दांडी, तिच्या एका कडेला लालसर किनार आणि दुसरीला निळसर. साडीच्या काठासारखी.

झालं होतं असं, की एलसीडीचा एक पिक्सेल म्हणजे खरं तर शेजारी शेजारी उभ्या तीन पट्ट्या असतात, लाल हिरवी निळी. अक्षर रेखीव दिसावं म्हणून सिस्टिम हुशारी करते, अख्खा पिक्सेल न पेटवता त्याचा तिसरा हिस्सा पेटवते, म्हणजे कड पिक्सेलच्याही आत सरकवता येते. पण ही सगळी हुशारी "लाल डावीकडे, निळी उजवीकडे" या विश्वासावर चालते. मॉनिटर फिरवला की त्या पट्ट्या एकीवर एक आडव्या रचल्या जातात. सिस्टिमला ते कुणी सांगितलेलंच नसतं, ती आपली डावा तिसरा हिस्सा समजून वरचा किंवा खालचा पेटवत बसते, कड काही सरकत नाही, नुसता रंग उरतो.

ऑफिसात माझी मशीन लिनक्सची आहे, तिथे हे सांगता येतं. माझा मॉनिटर घड्याळाच्या दिशेने फिरवलेला, म्हणजे पूर्वीची डावी कड आता वर गेली, म्हणून लाल पट्टी वर. त्याला `vrgb` म्हणतात. उलट्या दिशेने फिरवला असता तर लाल खाली, म्हणजे `vbgr`. हे पाठ करायला जाऊ नका, फोटो काढून बघा, ते खात्रीचं. फॉन्टकॉन्फिगच्या फाइलमध्ये हा तुकडा घातला:

```xml
<match target="font">
  <edit name="rgba" mode="assign">
    <const>vrgb</const>
  </edit>
</match>
```

लॉगआउट करून परत आले तर उभ्या स्क्रीनवरची अक्षरं स्वच्छ, निदान ज्या ऍप्सनी ही सेटिंग ऐकली त्यांच्यात तरी. आनंदाने मान वळवली आणि शेजारच्या आडव्या मॉनिटरवर बघते तर आता तिथे काठ! सेटिंग एकच, ती दोन्ही स्क्रीनना सारखीच लागते. एकाला शहाणं करायचं तर दुसरा बिघडतो. दोन दिवस मी खरंच विचार करत होते की दोन्ही उभे करावेत का. शेवटी `vrgb` काढून तिथे `none` लिहिलं, म्हणजे रंगाची हुशारी पूर्ण बंद, कडा फक्त करड्या छटांनी गुळगुळीत करायच्या. अक्षर किंचित जाड आणि मऊ दिसतं, पण दोन्हीकडे सारखं दिसतं, आणि चार दिवसांत विसरायला होतं. विंडोजवाल्यांना तर पर्यायच कमी, तिथल्या क्लिअरटाइपला आडव्या रचलेल्या पट्ट्यांचा हिशोबच येत नाही, त्यामुळे उभ्या स्क्रीनवर काठ दिसले तर ते बंद करणं हाच मार्ग. मॅकने २०१८ मध्ये मोहावीपासून हा प्रकार मुळात सोडूनच दिला. खरा इलाज म्हणजे पिक्सेलच इतके बारीक हवेत की काठ दिसूच नयेत, २४ इंचांत १९२० पिक्सेल म्हणजे तसे ते ढोबळच.

बाकीची किरकोळ दुखणी पटकन सांगते. माऊस एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर जाताना मध्येच भिंतीला अडकल्यासारखा थांबायचा, कारण एक १९२० उंच आणि शेजारचा १०८० च, उरलेल्या ८४० पिक्सेलला शेजारच नाही. आडव्याला वरून ४२० खाली सरकवलं की तो बरोबर मधोमध येतो आणि अडकणं कमी होतं:

```
xrandr --output HDMI-1 --rotate left --pos 0x0 \
       --output DP-1 --pos 1080x420
```

आणि भराभर स्क्रोल केलं की ओळी जराशा तिरक्या झाल्यासारख्या वाटतात. पॅनेल आपल्या मूळ वरच्या कडेपासून एकेक ओळ रंगवत जातं आणि ती कड आता बाजूला आलीये, म्हणून एक बाजू दुसरीच्या किंचित आधी हलते. थांबलं की सरळ. वाचणारी माणसं तशीही थांबूनच वाचतात.

मान मात्र किरकोळ नाही.

कारण स्क्रीन उभा केला की तो ५३ सेंटिमीटर उंच होतो, शाळेतल्या दोन पट्ट्या एकीवर एक ठेवल्या तर जवळजवळ तेवढा. फिरवता यावा म्हणून स्टँड वर ओढलेला, त्यामुळे खालची कडच टेबलापासून आठेक सेंटिमीटर वर, म्हणजे वरची कड एकसष्टवर. माझे डोळे बसल्यावर टेबलापासून पंचेचाळीसच्या आसपास. अख्खा वरचा भाग नजरेच्या वर! आणि त्यात मला दोन वर्षांपूर्वी प्रोग्रेसिव्ह चष्मा लागलाय, ज्याच्या खालच्या भागातून जवळचं दिसतं. वरच्या ओळी वाचायच्या तर हनुवटी वर करून, नाकाच्या शेंड्यावरून खाली बघावं लागतं, जसं एखादी खडूस बाई बँकेच्या काउंटरवरून बघते तसं. आठवडाभर मी त्या पोझमध्ये कोड वाचला. मानेच्या मागे दोन बोटांच्या जागेवर जी कळ बसली ती रात्री उशीवरसुद्धा जाईना.

स्टँड तिथून खाली येईना. मग मागे १०० बाय १०० मिलिमीटरवर चार भोकं असतात त्यांत चार एम-फोर स्क्रू लावून तो टेबलाला चिमटा मारणाऱ्या हातावर टांगला आणि खालची कड अगदी टेबलाला टेकेल एवढी खाली आणली. दोन बोटं जातील एवढीच फट ठेवली. वरची कड थोडी मागे कलवली. तरीही सगळ्यात वरच्या दहा-पंधरा ओळी नजरेच्या वरच राहतात, त्याला इलाज नाही, मग ठरवलं की ती जागा वाचायची नाहीच, ती फक्त "आपण कुठून आलो" हे बघायला. कीबोर्डने खाली जाताना कर्सर मधल्या पट्ट्यातच राहावा म्हणून एडिटरला हे सांगून ठेवलंय:

```json
"editor.cursorSurroundingLines": 25,
"editor.minimap.enabled": false,
"diffEditor.renderSideBySide": false
```

तिसरी ओळ नाइलाजाची. उभ्या स्क्रीनला फक्त १०८० रुंदी, त्यात डावी-उजवी तुलना उघडली की प्रत्येक बाजूला साठएक अक्षरं येतात आणि प्रत्येक ओळ मोडते. जुनं वर, नवं खाली, अशी एकाखाली एक तुलना मात्र इथे छान बसते. फाइलींची यादी बंद ठेवली तर एका ओळीत ११५ च्या आसपास अक्षरं मावतात, उघडली तर पंच्याऐंशी. आमच्याकडे ओळीची मर्यादा १२० आहे, त्यामुळे अधूनमधून एखादी ओळ घडी पडून खाली येते आणि मला दर वेळी तिचा राग येतो.

या सगळ्या खटाटोपात कोडपेक्षा जास्त सुख भलत्याच गोष्टीने दिलं. एक दिवस एक दीडशे पानी स्पेसिफिकेशनची पीडीएफ उघडली, रुंदीला फिट केली, आणि अख्खं पान समोर. मोठ्या अक्षरात. खाली मोकळी जागा उरून. पट्टी लावून बघितली तर स्क्रीनची रुंदी साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या किंचित वर. ए३ कागदाची रुंदी २९.७! म्हणजे ए४ चं पान या स्क्रीनवर जवळजवळ ए३ एवढं होऊन येतं, जसं झेरॉक्स मशीनवर एक्केचाळीस टक्के मोठं करून काढावं तसं, आणि वर त्याखाली दहा सेंटिमीटर शिल्लक. हाच स्क्रीन आडवा असताना त्याची उंची ए४ च्या उंचीएवढीच, त्यातून पट्ट्या वजा केल्या की अख्खं पान बघायचं तर मूळ कागदापेक्षाही बारीक बघायचं, नाहीतर अर्धं अर्धं. इतकी वर्षं मी अर्धी अर्धी पानं वाचत आले होते. आता आकृती वर असते आणि तिच्याबद्दलचा मजकूर खाली असतो, आणि "आकृती चार बघा" म्हटलं की नुसते डोळे वर करायचे, हात हलवायचा नाही. पानाच्या कुठल्या कोपऱ्यात काय होतं ते लक्षात राहायला लागलं, जे कागदावरच व्हायचं. पान सरकत नाही म्हणून असेल.

मग एकदा हिंमत करून ते जुनं फंक्शन परत उघडलं. दुरुस्तीच्या आधीची आवृत्ती मुद्दाम काढली. ओळ नऊ, ओळ एकेचाळीस, ओळ चौऱ्याहत्तर, तिन्ही एकाच वेळी समोर. लगेच दिसलं! पण ते दिसणारच होतं, मला उत्तर माहीत होतं. आडव्यावर, टर्मिनल उघडं ठेवूनही आता दिसलं असतं. दिसलं असतं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या दिवशी माझं अर्धं लक्ष चार वाजताच्या मीटिंगकडे होतं, आणि कुठल्याही आकाराच्या स्क्रीनवर मी कदाचित तेच लिहिलं असतं. शिवाय आणखी एक वाईट खोड लागलीये, पूर्वी पन्नास ओळींचं फंक्शन दिसलं की मी "हे तोड" म्हणायचे, आता ऐंशीचं असलं तरी स्क्रीनवर मावतंय ना, म्हणून गप्प बसते.

परवा तो मुलगा माझ्या टेबलापाशी आला होता. स्क्रीनकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "भारी आहे मॅम, माझ्या कागदासारखंच." मी जरा खूश होऊन त्याला सगळी कथा ऐकवली, टीएन, लाल-निळे काठ, माझी मान, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की त्याला सध्या बिलिंगचं एक फंक्शन समजत नाहीये, इथे बघू या का. उघडलं. एकशे चाळीस ओळी. मी फॉन्ट एक पायरी लहान केला, मग अजून एक. अक्षरं मुंग्यांसारखी झाली तरी शेवटच्या दहा-बारा ओळी खालच्या कडेखालीच. दोघंही वाकून बघत होतो, मी हनुवटी वर करून.

"मॅम," तो जरा वेळाने म्हणाला, "प्रिंटर आता कुठल्या मजल्यावर हलवलाय?"